शिट्टी काळ्या मोज्यात आहे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निरोप’ हा विषय दिला, तेव्हा मी सरळ सहारला गेलो. अमेरिकेतली विद्यापीठं ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात. एफ-१ व्हिसावर जाणाऱ्याला अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवस आधीपर्यंतच तिथे उतरता येतं. त्यामुळे जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य एवढ्या काळात मुंबईच्या टी-टू टर्मिनलवर नव्या कोऱ्या बॅगांची आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या माणसांची झुंबड असते. मला बघायचे होते ते मित्र. आईबाप काय सांगतात हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. बरोबरीची मुलं निघणाऱ्याला काय सांगतात, हे ऐकायला मी चौथ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक फुटपाथवर जाऊन उभा राहिलो.

रात्रीच का?

साडेनऊपर्यंत तसं सामसूम असतं. नंतर गाड्यांची रांग लागते आणि ती मध्यरात्रीपर्यंत हलत नाही. युरोपमार्गे अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मुंबईहून रात्री एक ते तीनच्या दरम्यान सुटतात, आणि त्याचं मूळ तिकडे आहे. फ्रँकफर्टच्या विमानतळावर रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरू देत नाहीत, कारण आसपासच्या वस्तीला झोप हवी असते. शिवाय अमेरिकेकडे जाणारी विमानं तिथून सकाळी-दुपारी निघतात. मुंबईहून दोनला निघालं की नऊएक तासांनी, तिथल्या घड्याळात साडेसातला पोचता येतं आणि पुढचं विमान आरामात मिळतं. तिथल्या लोकांची झोप सांभाळण्यासाठी इथे सांगली-साताऱ्याहून आलेलं अख्खं खटलं रात्री अकराला फुटपाथवर उभं असतं.

सांगलीहून आलेली माणसं दुपारी बाराला निघालेली असतात. दही-साखर, औक्षण, देवापुढे नारळ, मोठ्यांच्या पाया पडणं हे सगळं सकाळीच घरी उरकलेलं असतं. विमानतळावर पोचेपर्यंत गाडीत दोनदा झोपा झालेल्या असतात, वडे खाऊन झालेले असतात आणि गंभीर बोलणं कळंबोलीच्या आधीच संपलेलं असतं. म्हणून फुटपाथवर बहुतेक आईबाप गप्प असतात आणि मित्र बोलतात.

जागाही तशीच आहे. दारावर सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. तिकीट नसलेला आत जाऊ शकत नाही, आणि एकदा आत गेलेल्याला ‘जरा आलोच’ म्हणून सहज बाहेर येता येत नाही. रेल्वेसारखं खिडकीशी उभं राहून गाडी हलेपर्यंत बोलायची सोय नाही. जे बोलायचं ते दाराच्या अलीकडे. तिथेही गाडी दोन मिनिटं जास्त थांबली की शिट्टी वाजते, “गाडी पुढे घ्या, पुढे घ्या” सुरू होतं. जाणते लोक माणसं आणि बॅगा उतरवून गाडी पार्किंगला धाडतात.

साताऱ्याचा एक ड्रायव्हर पार्किंगच्या लिफ्टपाशी भेटला. सीझनला अशा बऱ्याच ट्रिपा मारतो. म्हणाला, “रडणारी माणसं वेळ लावत नाहीत साहेब. फोटोवाली लावतात.”

मित्राच्या वाट्याला काय येतं

पहिल्या रात्री मी वहीत शब्द टिपत होतो आणि थोडा निराश झालो. “पोचलास की टाक मेसेज.” “फोन चार्ज आहे ना?” “आय-२० कुठंय? हातात ठेव, मोठ्या बॅगेत नको.” एकाही मित्राने दुसऱ्याला मैत्रीबद्दल काही सांगितलं नाही. कवितेच्या आशेने गेलेल्या माणसाला हे कोरडं वाटतं.

मग लक्षात आलं, की मी चुकीच्या क्रियापदांकडे कान लावून होतो. आईबापांच्या बोलण्यात ‘तू हे कर’ असतं. वेळेवर जेव, जागरण करू नको, कुणाशी वाद घालू नको. मित्रांच्या बोलण्यात ‘मी हे करतो’ येतं. निघणारा मुलगा घरातली काही कामं आजवर न सांगता करत असतो आणि ती दारापाशी हातोहात दुसऱ्याकडे जातात.

ठाण्याच्या एका मुलीची मैत्रीण तिला म्हणत होती, “तुझं सिम मी रिचार्ज करत जाईन, तू विसरशील.” वरवर साधी गोष्ट आहे. पण इथल्या बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरवर येतो. शैक्षणिक कर्जाचं खातं, परत मिळायची डिपॉझिट, आधारशी जोडलेलं सगळं त्या नंबरला टांगलेलं असतं. तीन महिने वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. रोमिंग चालू असलं तर परदेशात एसएमएस घ्यायला पैसे पडत नाहीत, फक्त सिम जिवंत ठेवावं लागतं. जाणारी मुलगी पहिले दोन महिने घर, भाडं, वर्ग आणि थंडीचे कपडे यात बुडालेली असते. तिला हे आठवायचं नाही, हे मैत्रिणीला पक्कं ठाऊक होतं. तिने फोनमध्ये दर महिन्याचा गजरही लावून ठेवला होता. मला दाखवला.

दुसरीकडे एक मुलगा मोटारसायकलची किल्ली घेत होता. “आठवड्यातनं एकदा चालवतो, नाहीतर बॅटरी बसंल.” निघणाऱ्याचे वडील शेजारीच होते. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि पोराची गाडी विकायचीही नाही.

सगळ्यात पक्कं बोलणं ऐकलं ते वेळेबद्दलचं. डॅलसला निघालेल्याला त्याचा मित्र सांगत होता, “रविवारी सकाळी नऊला मी तुझ्याकडं जाणार, काकांचा फोन लावून देणार. तुझ्याकडं शनिवारची रात्र, साडेदहा. नोव्हेंबरात तुमचं घड्याळ मागं जाईल, मग साडेनऊ. तेव्हा बाहेर हुंदडत असलास तरी उचलायचा.” उन्हाळ्यात डॅलस आपल्यामागे साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा तास असतं, हे त्याने आधी बघून ठेवलं होतं. काकांना व्हिडिओ कॉल उचलता येतो, लावता येत नाही. आजवर घरातला फोन दुरुस्त करणारा मुलगाच विमानात बसणार होता.

“काळजी घे” हे शब्द सगळेच वापरतात. पण तो दिवस, ती वेळ आणि लावून द्यायचा तो फोन सांगितल्यावर काकांच्या खांद्यावरचं ओझं डोळ्यांदेखत उतरलं. ते पहिल्यांदाच हसले आणि मित्राला म्हणाले, “नाष्ट्यालाच ये मग.”

काट्यावरचं आणि काट्याबाहेरचं

आता ज्या मंडळींसाठी हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे येतो.

सांगलीहून एक एर्टिगा आली. निघणारा मुलगा, आई, वडील, धाकटी बहीण आणि दोन मित्र. त्यातला एक मित्र, उंच आणि चष्मेवाला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता. दुसऱ्या मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, की निघणारा आणि हा चष्मेवाला एकाच विद्यापीठात, एकाच अभ्यासक्रमाला जाणार होते. खोलीही दोघांनी मिळून ठरवली होती. चष्मेवाल्याला व्हिसा मिळाला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात हे पुष्कळांचं झालं. मेच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेने जगभर विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं. जूनच्या मध्यानंतर ते सुरू झालं, पण अर्जदाराने आपली सोशल मीडियावरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, ही अट घेऊन. स्लॉटसाठी पोरं रात्र रात्र वेबसाईट उघडून बसली. या दोघांना जुलैत तारखा मिळाल्या, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, थोड्याच अंतराने. पहिला पास झाला. दुसऱ्याला खिडकीतून पासपोर्ट परत मिळाला आणि त्यासोबत २१४(बी)चा कागद.

त्या कलमाचा अर्थ असा, की अर्जदार तिकडेच राहून जाणार असं कायदा आधी धरून चालतो आणि तसं नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवायचं असतं. पटलं नाही की नकार. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. नेमकं काय पटलं नाही ते कागदावर नसतं. अपीलही नाही, पुन्हा अर्ज करता येतो. व्हिसाची १८५ डॉलरची फी पुन्हा भरावी लागते. सेव्हिसचे ३५० डॉलर मात्र वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला तर परत भरावे लागत नाहीत. हे सगळं त्या चष्मेवाल्याने मला नंतर फोनवर नीट, ओळीने सांगितलं. त्या रात्री तो या विषयावर बोलला नाही आणि इतरांनीही काढला नाही.

गाडीतून उतरल्यावर त्याने पिशवीतून कुकर काढला. तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा, आतल्या डब्यांसकट. दोघांत मिळून तो एक कुकर नेणार आणि दुसरा तवा-कढई, असं जूनमध्ये ठरलं होतं. कुकर याच्याकडे राहिला होता.

“हा घे. तिकडं महाग पडतो.”

निघणारा म्हणाला, “अरे, बॅग भरलीय. बावीस-आठशे.”

अमेरिकेच्या विमानात बहुधा तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. दोन्हींचं वजन वेगवेगळं मोजतात, एकीतली सूट दुसरीला मिळत नाही. तेवीसच्या वर बत्तीसपर्यंत पैसे भरावे लागतात आणि बत्तीसच्या वरची बॅग घेतच नाहीत, कारण ती उचलणाराही माणूसच असतो. दुसऱ्या मित्राकडे हातात धरून बॅग टांगायचा काटा होता. कुकर भरला एक किलो नऊशे. म्हणजे बॅग चोवीस-सातशे, एक किलो सातशे जास्त. दुसरी बॅग भडंगाने फुगलेली. भडंगाला वजन नसतं, पण जागा लागते. त्यात कुकर मावेना.

मग फुटपाथवर, ट्रॉलीच्या आडोशाला, बॅग उघडली गेली. या उघड्या बॅगा हे टी-टूवरचं रोजचं दृश्य आहे, आणि निरोपाचं खरं बोलणं तिथेच होतं असं माझं मत झालं आहे. काय राहील आणि काय जाईल यावर सगळे एकदम बोलतात. आई म्हणाल्या, “चटणी काढू नका.” वडील म्हणाले, “पुस्तक काढा.” ते जाड पुस्तक वडिलांनीच घेऊन दिलं होतं, त्यामुळे बोलायचा हक्क त्यांचाच होता. चष्मेवाल्याने ते हातात तोललं. “किलोभर असंल. लायब्ररीत मिळतंय हे, मी बघितलंय कॅटलॉगला.” काट्यावर एक किलो शंभर निघालं. उरले सहाशे ग्रॅम. शेंगदाण्याच्या चटणीच्या तीन पुड्यांपैकी एक आईंनी स्वतःच काढली, आणि ती बरोबर तेवढीच भरली. काटा तेवीसवर आला.

कुकर कसा ठेवायचा हेही चष्मेवाल्यानेच केलं. धातूचं जाड भांडं क्ष-किरणांत काळा गोळा दिसतं आणि बॅग बाजूला काढली जाण्याची शक्यता वाढते, म्हणून झाकण उघडं ठेवून, आत फक्त कपडे कोंबून, बॅगेत सगळ्यात वर. उघडली तर लगेच दिसावं. पॉवरबँक चुकून तिथे राहिली नाही ना, हे त्याने दोनदा तपासलं, कारण ती मोठ्या बॅगेत चालतच नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आईंनी कागदात बांधल्या होत्या, त्याही काढल्या. खोबऱ्यात तेल फार असल्याने ते पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून त्यावर बंधन आलं आहे, हे सांगलीच्या किराणा दुकानदाराला कोण सांगणार? वाट्या बहिणीच्या पर्समध्ये गेल्या आणि परतीच्या वाटेवर खाल्ल्या गेल्या असाव्यात.

सगळं बंद झाल्यावर निघणारा मुलगा चष्मेवाल्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. चष्मेवाला म्हणाला, “शिट्टी काळ्या मोज्यात आहे. गॅस्केट पुढच्या कप्प्यात, हातातल्या बॅगेच्या. पहिल्यांदा नुसतं पाणी उकळ, मग भात लाव.”

“बरं.”

“तीन शिट्ट्या.”

“माहितंय रे.”

“काय माहितंय, घरी कधी लावलायस?”

दोघेही हसले. मिठी मारली ती दुसऱ्या मित्राने. या दोघांनी फक्त हात मिळवला, तोही कुकरच्या तेलकट बोटांनी.

जे बोलू नये ते

त्याच घोळक्यात एक शब्द चुकला आणि चुकलेला लगेच कळला. वडील भल्या मनाने चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तू पण येतोसच की जानेवारीला!” जानेवारी म्हणजे स्प्रिंगचा प्रवेश. मुलगा हो म्हणाला आणि पिशवीची घडी घालत राहिला. बाकी दोन मित्रांनी एकदम विषय बदलला, पार्किंगचे किती झाले असतील म्हणून.

नंतर मी त्याला विचारलं, तेव्हा तो चिडला नव्हता. “काकांचं चुकलं नाही. पण मी जानेवारीला जाणार की नाही ते मला माहीत नाही. ॲडमिशन पुढं ढकलून मिळाली, तर पुन्हा स्लॉट, पुन्हा फी. नाही म्हणाले तर? त्या वेळी हो म्हणावं लागलं, ते जड गेलं.” दुसऱ्याच्या हातातली गोष्ट आपण नक्की म्हणून टाकली, की ऐकणाऱ्याला ती खोटी ठरण्याची भीती आपल्यासाठी लपवावी लागते.

निघणाऱ्यालाही असे शब्द बोचतात. “विसरू नको आम्हाला” हे गमतीत म्हटलं जातं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आणि सुट्टीवर आलेल्या पुण्याच्या एका मुलाने मला सांगितलं, की पहिल्या सहामाहीत जेव्हा जेव्हा त्याला फोन करायला उशीर झाला, तेव्हा हेच वाक्य डोक्यात वाजायचं. कर्जाची आठवण त्याहून वाईट. “वडिलांनी घर तारण ठेवलंय, लक्षात ठेव” असं दारापाशी सांगणारे मामा-काका मी पाहिले. मुलाच्या ते लक्षात असतंच. सहकर्जदार म्हणून वडिलांनी सही केली तेव्हा तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. मित्र असलं काही म्हणत नाहीत. त्यांना बहुधा कर्जाचा आकडाही ठाऊक असतो, म्हणूनच ते कुकर देतात.

दारानंतरचे दीड तास

निघणारा आत गेला तरी माणसं लगेच परतत नाहीत. यात भावना असेलच, पण व्यवहारही आहे. काउंटरवरचा काटा आणि घरचा काटा जुळेलच असं नाही. आत वजन जास्त निघालं तर मुलगा काढलेली वस्तू घेऊन दाराच्या काचेपाशी येतो, जवानाला विनवतो, आणि बाहेरून कुणीतरी हात पुढे करून ती घेतो. तो हात असावा लागतो. म्हणून अनुभवी मंडळी ‘बोर्डिंग पास मिळाला’ असा मेसेज येईपर्यंत गाडी काढत नाहीत.

आमच्या मुलाचा मेसेज अकरा चाळीसला आला. बॅग तेवीस-दोनशे भरली आणि काउंटरवरच्या बाईंनी जाऊ दिली. दोनशे ग्रॅम सोडणं ही त्यांची मर्जी, हक्क नाही. मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी फोन वापरू देत नाहीत आणि सुरक्षेत तो ट्रेमध्ये असतो, त्यामुळे मध्ये तासभर काही कळत नाही. हा तास बाहेरच्यांना फार लांब जातो. आई दोनदा म्हणाल्या, “एवढा वेळ का?” दोन्ही वेळा चष्मेवाल्यानेच सांगितलं. आता रांगेत असेल काकू, आता पट्टा काढला असेल, आता बूट घालत असेल. त्याने हा सगळा रस्ता जूनमध्ये व्हिडिओ बघून पाठ केला होता. स्वतःसाठी.

एक वाजता गेटचा फोटो आला आणि एर्टिगा निघाली. कामोठ्याच्या पुढे चहाला थांबल्यावर पैसे कुणी द्यायचे यावरून दोघा मित्रांचं वाजलं, असं ड्रायव्हरने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. चष्मेवाल्याने दिले. म्हणाला, एका कुकरचे पैसे वाचलेत.

तीन दिवसांनी निघालेल्या मित्राशी झालेला संवाद त्याने मला फोनवर वाचून दाखवला. तिकडून आधी एक फोटो होता, विजेच्या शेगडीवर ठेवलेला कुकर, बाजूने वाफ सुटलेली. खाली लिहिलं होतं, “शिट्टीच होत नाय लका.”

याने उत्तर दिलं होतं, “गॅस्केट लावलंस का?”

त्यावर बराच वेळ काही नाही. मग, “कुठल्या कप्प्यात म्हणालेलास?”

याने व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत सकाळचे साडेसात वाजले होते आणि तो अंघोळीला निघाला होता. भात होईपर्यंत फोन चालू राहिला.